पुण्यात संध्याकाळ, न्यू जर्सीत न्याहारी

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत आला, तेव्हा तो टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ होता. एकजण गेम मास्टर होऊन गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापलं पात्र चालवतात, आणि डाव साधला की फसला हे पुष्कळदा फासा सांगतो. आता नकाशा, सोंगट्या, फासे सगळं रोल-ट्वेंटीसारख्या साइटवर मांडता येतं. अडतं ते घड्याळापाशी.

समजा, मास्टर आणि एक खेळाडू पुण्यात आहेत. बाकीचे तिघे लंडन, न्यू जर्सी आणि सिंगापूरला. जानेवारीतल्या रविवारी पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा लंडनला दुपारचे दोन, न्यू जर्सीला सकाळचे नऊ आणि सिंगापूरला रात्रीचे दहा. तीन तास खेळलं की सिंगापूरकराला रात्रीचा एक वाजतो आणि सकाळी ऑफिस असतंच. मार्चमध्ये आणखी गंमत. अमेरिका दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे सरकवते, ब्रिटन शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे कोणीतरी हमखास तासभर चुकतो. यावर साधा तोडगा असा, की ज्या गावाचं घड्याळ कधी हलत नाही त्याची वेळ पक्की धरायची. इथे पुण्याची.

अशी मैफल महिन्यातून दोनदा जमली तरी पुष्कळ. मधल्या दिवसांत मोहीम निरोपांवर चालते: बाजारहाट, जखमा भरणं, सरायवाल्याकडून बातमी काढणं. इथे निरोप कसा लिहिला यावर सगळं अवलंबून असतं. ‘मी दाराला कान लावते’ एवढंच लिहिलं तर उत्तर यायला रात्र जाते, पुढच्या प्रश्नाला दुसरी. मुरलेली खेळाडू लिहिते: ‘कान लावते. आत शांतता असेल तर कुलूप उघडायला बघते, फासा टाकून ठेवलाय, १४ पडलेत. चाहूल लागली तर मागे फिरते.’ तीन दिवसांचं काम एका निरोपात होतं.

दुसरी अडचण उत्साही माणसाची. सिंगापूरकर जागा आणि न्यू जर्सी झोपलेली, एवढ्यात त्याने एकट्याने निम्मा वाडा धुंडाळला, तर सकाळी दुसऱ्याच्या वाट्याला फक्त वाचन उरतं. म्हणून सगळ्यांचा एकेक निरोप येईपर्यंत कोणी दुसरा टाकायचा नाही. दोन दिवस कोणी गप्पच राहिलं, तर त्याचं पात्र मास्टर चालवतो, पण जपून.

लढाई मात्र निरोपांवर रेंगाळते. चार खेळाडू पाळीपाळीने दिवसाला एकेक निरोप टाकू लागले, तर पाच फेऱ्यांच्या चकमकीला जवळपास तीन आठवडे लागतात. चौघांनी हव्या त्या क्रमाने लिहावं आणि मास्टरने एकदम निकाल द्यावा, असं ठरवलं तर एक फेरी दोनेक दिवसांत उरकते. तरीही त्यात टेबलावरची झटापट राहत नाही. त्यामुळे बैठक संपायला पंधरा मिनिटं उरली की जाणता मास्टर दारामागचा राक्षस बाहेर काढत नाही. तो पुढच्या रविवारसाठी राखून ठेवतो.