उत्तर कमी येईल की जास्त?

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकल परीक्षेत टायट्रेशन झालेले असते, जर्नलवर सही झालेली असते आणि मग बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक एक साधा प्रश्न विचारतात : ‘‘या प्रयोगात चुका कुठे होऊ शकतात?’’ उत्तर पाठच असते. पॅरॅलॅक्स एरर, ह्युमन एरर, रसायने शुद्ध नसणे. परीक्षक मान डोलावतात आणि पुढे विचारतात, ‘‘बरं, मग त्या चुकीनं तुझं उत्तर कमी येईल की जास्त?’’ इथे बहुतेकांची गाडी अडते. व्हायवाची तयारी करायची ती या दुसऱ्या प्रश्नाची. त्यासाठी वेगळे पाठांतर लागत नाही, प्रयोग आतून कळलेला असावा लागतो.

उदाहरण म्हणून नेहमीचाच प्रयोग घेऊ : पोटॅशियम परमँगनेट विरुद्ध ऑक्झॅलिक ॲसिड. ब्यूरेटमध्ये जांभळे परमँगनेट, ज्याची तीव्रता माहीत नाही. फ्लास्कमध्ये पिपेटने मोजलेले 10 मिली ऑक्झॅलिक ॲसिड, ज्याची तीव्रता पक्की ठाऊक आहे, समजा 0.05 मोलर. त्यात साधारण एक टेस्टट्यूब सौम्य सल्फ्युरिक ॲसिड घालायचे, फ्लास्क गरम करायचा आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत ब्यूरेटमधून थेंब थेंब सोडत राहायचे.

तत्त्व विचारले की मुले ‘रेडॉक्स टायट्रेशन’ म्हणून मोकळी होतात. ते बरोबर आहे, पण अर्धेच. परमँगनेट ऑक्झॅलिक ॲसिडचे ऑक्सिडीकरण करते, म्हणजे त्याच्याकडून इलेक्ट्रॉन काढून घेते. मँगनीज +7 वरून +2 वर येते, म्हणजे परमँगनेटचा प्रत्येक आयन पाच इलेक्ट्रॉन घेतो. ऑक्झॅलेटमधले दोन्ही कार्बन +3 वरून +4 वर जातात, म्हणजे तो दोनच इलेक्ट्रॉन देऊ शकतो. देणे-घेणे जुळायचे तर दोन परमँगनेटना पाच ऑक्झॅलेट लागतात. समीकरणातले आकडे यातूनच येतात :

2MnO₄⁻ + 5C₂O₄²⁻ + 16H⁺ → 2Mn²⁺ + 10CO₂ + 8H₂O

हे समीकरण घोकण्यापेक्षा पाच आणि दोन इलेक्ट्रॉनांचा हिशेब एकदा हाताने मांडलेला बरा. परीक्षक समीकरण विचारून थांबत नाहीत. ‘यातले दोन आणि पाच आले कुठून’ हे ते हटकून विचारतात.

आता आकडेमोड. फ्लास्कमध्ये 0.05 मोलर ऑक्झॅलिक ॲसिडचे 10 मिली आहेत, म्हणजे 0.5 मिलिमोल. त्याला परमँगनेट लागणार त्याच्या दोन पंचमांश, म्हणजे 0.2 मिलिमोल. तेव्हा परमँगनेटची मोलॅरिटी म्हणजे 0.2 भागिले ब्यूरेटचे रीडिंग. आधी पायलट रीडिंगने अंदाज घेतला आणि मग तीन रीडिंगे 9.9, 9.8, 9.8 अशी आली, तर सीबीआर म्हणजे कॉन्स्टंट ब्यूरेट रीडिंग 9.8. उत्तर 0.0204 मोलर. त्याला रेणुभार 158 ने गुणले की लिटरला सुमारे 3.22 ग्रॅम.

‘0.2 भागिले रीडिंग’ हे नीट पाहून ठेवा, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे. रीडिंग खाली छेदात आहे. ज्या चुकीने रीडिंग वाढते त्या चुकीने उत्तर कमी येते, आणि ज्या चुकीने रीडिंग घटते तिने उत्तर जास्त येते. मग प्रत्येक पायरीला स्वतःला इतकेच विचारायचे की ही पायरी चुकली तर ब्यूरेटमधून जास्त परमँगनेट जाईल की कमी.

सुरुवात भांडी धुण्यापासूनच करू. ब्यूरेट आधी पाण्याने आणि मग थोड्या परमँगनेटने खंगाळतात. पिपेट ऑक्झॅलिक ॲसिडने खंगाळतात. फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने. असा दुजाभाव का? ब्यूरेटमध्ये पाण्याचे थेंब राहिले तर परमँगनेट पातळ होईल, तेवढेच काम करायला ते जास्त लागेल, रीडिंग वाढेल, उत्तर कमी येईल. फ्लास्क ऑक्झॅलिक ॲसिडने खंगाळला तर काचेला चिकटलेले ॲसिड पिपेटच्या 10 मिलींवर वरकड होईल. इथेही रीडिंग वाढेल, उत्तर कमी. पण फ्लास्कमध्ये पाणी राहिले तर काहीच बिघडत नाही, कारण ऑक्झॅलिक ॲसिडचे मोल पिपेटने आधीच ठरवून दिलेत आणि पाण्याने मोल बदलत नाहीत. ‘फ्लास्क ओला असला तर चालेल का?’ या प्रश्नाला बरीच मुले घाबरून ‘नाही’ म्हणतात. खुशाल चालतो.

पिपेटच्या टोकाला अडकलेला शेवटचा थेंब फुंकून काढायचा नाही, हेही त्याच हिशेबातले. तो थेंब आत राहणार हे धरूनच पिपेटवर खूण केलेली असते. टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवले की पुरे. फुंकलात तर ऑक्झॅलिक ॲसिड जास्त गेले.

मग येतो परीक्षकांचा आवडता प्रश्न : ऑक्झॅलिक ॲसिड पिपेटने काटेकोर मोजलेस आणि सल्फ्युरिक ॲसिड टेस्टट्यूबने अंदाजे ओतलेस, हे कसे चालते? समीकरणात दोन परमँगनेटना सोळा H⁺ लागतात. ते मुबलक असले म्हणजे झाले, जास्त झाले तरी परमँगनेटच्या हिशेबात त्यांचा वाटा नाही. कमी पडले मात्र घोटाळा होतो. मँगनीज +2 पर्यंत न उतरता +4 वर थांबते आणि मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी गढूळपणा दिसू लागतो. तिथे परमँगनेटचा प्रत्येक आयन पाचाऐवजी तीनच इलेक्ट्रॉन घेतो. काम तेवढेच आणि कामगार अर्धवट, म्हणून परमँगनेट जास्त खर्ची पडते. फ्लास्क तपकिरी झाला तर ते रीडिंग जर्नलमध्ये उतरवू नका. फेकून द्या आणि नवे घ्या.

आणि सल्फ्युरिकच का? हायड्रोक्लोरिक ॲसिड घातले तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करून क्लोरीन वायू सोडते. परमँगनेट नको तिथे खर्च झाले, रीडिंग वाढले, उत्तर कमी. नायट्रिक ॲसिडचे उलटे आहे. ते स्वतःच ऑक्सिडीकारक असल्याने ऑक्झॅलिक ॲसिडचा काही भाग तेच संपवून टाकेल, परमँगनेटला काम कमी उरेल, रीडिंग घटेल, उत्तर जास्त. ‘दोन्ही चालत नाहीत’ एवढेच सांगणाऱ्यापेक्षा दोन्हींची दिशा उलटी आहे हे सांगणारा विद्यार्थी परीक्षकांना लक्षात राहतो.

फ्लास्क 60 ते 70 अंशांपर्यंत गरम करायचा असतो. थर्मामीटर बहुधा कुणी लावत नाही. वाफ दिसू लागली आणि उकळी अजून फुटलेली नाही, तेवढ्यात बर्नरवरून उतरवायचा. थंड द्रावणात ही अभिक्रिया फार सावकाश चालते. टाकलेला थेंब बराच वेळ गुलाबीच राहतो, मुलाला वाटते एन्ड पॉइंट आला, आणि रीडिंग हास्यास्पद कमी निघते. उलट, द्रावण खळखळून उकळले तर ऑक्झॅलिक ॲसिडच काही प्रमाणात विघटित होते. तेव्हाही रीडिंग कमीच येते. दोन टोकांच्या चुका, पण दिशा एकच, हे इथले वैशिष्ट्य.

गरम असूनही पहिला थेंब फिकट व्हायला वेळ लावतो आणि पुढचे झरझर विरतात. हे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेले असते, पण कारण विचारले की ‘आता जास्त तापले म्हणून’ असे उत्तर येते. खरे तर फ्लास्क तोवर निवतच असतो. पहिल्या थेंबांतून तयार झालेले Mn²⁺ पुढच्या अभिक्रियेला उत्प्रेरक ठरते. अभिक्रियेनेच तयार केलेला उत्प्रेरक, म्हणून याला स्वयंउत्प्रेरण म्हणतात. वेगळा इंडिकेटर लागत नाही तो मात्र परमँगनेटच्या स्वतःच्या रंगामुळे. शेवटचे ऑक्झॅलेट संपले की पुढचा एखादा थेंबही सगळा फ्लास्क फिकट गुलाबी करतो. तो गुलाबी सुमारे अर्धा मिनिट टिकला की थांबायचे. नंतर तो हळूहळू गेला तरी पुन्हा थेंब टाकत बसू नये.

राहिला पॅरॅलॅक्स. परमँगनेट इतके गडद असते की त्याची खालची वक्र कड दिसत नाही, म्हणून वरची कड वाचतात. सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा वरचीच वाचली तर चूक वजाबाकीत निघून जाते. एकदा वरची आणि एकदा खालची वाचली तर मात्र उरते. तसेच डोळ्याचे. ब्यूरेटची शून्याची खूण उंचावर असते आणि ओट्यापाशी उभे राहून पुष्कळ मुले तिच्याकडे खालून वर पाहतात. खालून पाहिले की पातळी असते त्यापेक्षा खालच्या खुणेवर दिसते. म्हणजे ‘शून्यावर आणली’ असे वाटते तेव्हा ती खरे तर शून्याच्या वर असते. समजा 0.1 मिलीने वर. शेवटचे वाचन डोळ्यासमोर, 9.8 वर, बिनचूक. प्रत्यक्षात गेले 9.9, लिहिले 9.8. खरे उत्तर 0.0202 आणि मिळाले 0.0204, म्हणजे एक टक्का जास्त. ब्यूरेटची सगळ्यात लहान खूणही 0.1 मिलीचीच असते. तेव्हा ‘पॅरॅलॅक्समुळे उत्तर एक टक्का वर गेले असेल’ हे वाक्य परीक्षकांना नुसत्या ‘पॅरॅलॅक्स एरर’पेक्षा फार जास्त सांगते.

जाता जाता ब्यूरेटच्या तोटीबद्दल. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोर यांनी 1855 मध्ये टायट्रेशनवर पाठ्यपुस्तक लिहिले आणि रबरी नळीला चिमटा लावलेली ब्यूरेटही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. परमँगनेटला मात्र ती चालत नाही, कारण ते रबराचेही ऑक्सिडीकरण करते. इथे काचेची तोटीच हवी.

मोर यांचेच नाव असलेल्या मोर सॉल्टचे टायट्रेशन याच परमँगनेटने होते, आणि तिथे परीक्षक डाव उलटवतात. ‘‘मग हा फ्लास्क का नाही गरम केलास?’’ फेरस आयन साध्या तापमानालाच परमँगनेटशी झटपट अभिक्रिया करतो, त्यामुळे गरज नसते. शिवाय तापवला तर हवेतला ऑक्सिजनच काही फेरसचे फेरिक करून टाकेल. परमँगनेटला कमी फेरस उरेल, रीडिंग घटेल, आणि उत्तर जास्त येईल.