वास्तुशांतीला बिडाचा तवा

वास्तुशांतीला आलेल्या भेटी दुसऱ्या दिवशी उघडल्या की तीन भिंतीवरची घड्याळं, दोन गणपती आणि एक लेमन सेट हमखास निघतो. त्यातला निम्मा माल माळ्यावर जातो आणि पुढच्या कुणाच्या तरी वास्तुशांतीला नव्या कागदात बाहेर पडतो. आपल्याकडे हजारभर रुपयेच असतील, तर दुकानात तयार मिळणाऱ्या वस्तूपेक्षा थोडी अर्धवट वस्तू घ्यावी आणि उरलेलं काम आपण करावं. त्या रकमेत एवढी चांगली भेट एरवी बसत नाही.

माझ्या मैत्रिणीने डोंबिवलीत घर घेतलं, तेव्हा मी बिडाचा तवा द्यायचं ठरवलं. "काय हवंय?" असं विचारलं की "अगं, काही नको, तू ये फक्त" हेच उत्तर येतं, म्हणून मी दोनच साधे प्रश्न विचारले. गॅस घेतलास की इंडक्शन? आणि तुमच्याकडे लोखंड भेट घेतलेलं चालतं ना? काही घरांत ते चालत नाही, शनिवारी तर लोखंड विकतही घेत नाहीत. तिच्या सासूबाईंची हरकत नव्हती आणि शेगडी गॅसची होती. इंडक्शनवरही बीड चालतं. तळ सपाट हवा आणि आच हळूहळू वाढवावी लागते. एकदम मोठी आच दिली तर फक्त मधला भाग तापतो आणि जाड तवा तडकू शकतो.

भांड्यांच्या दुकानात मी दहा इंची तवा निवडला. तो उचलून बोटाच्या टिचकीने वाजवून पाहिला. धड तवा खणखणतो, बारीक चीर असलेला बदबद वाजतो. मग ओट्यावर ठेवून डुगडुगतो का ते बघितलं आणि आतून हात फिरवला. थोडी खरखर चालते, पण खड्डे नकोत. तव्याला साडेसातशे, लाकडी उलथण्याला साठ रुपये पडले.

असा कोरा तवा तसाच देऊन टाकला तर भेट फसते. पहिलं धिरडं चिकटतं, दुसरं फाटतं आणि तवा ओट्याखाली गंजत पडतो. म्हणून देण्याआधी तो मी घरीच तयार केला. गंज धरू नये म्हणून कारखान्यात लावलेला थर आधी काढावा लागतो. गरम पाणी, साबण आणि तारेची घासणी घेऊन, पुसलेल्या फडक्यावर काळं यायचं थांबेपर्यंत घासायचं. मग लगेच आचेवर ठेवून कोरडा करायचा, कारण ओला बीड तासाभरातही तांबूस पडतो. कोमट तव्याला दोन्ही बाजूंनी तेल चोळायचं आणि लावलंच नाही असं वाटेल इतकं पुसून काढायचं. मग खिडकी उघडी ठेवून, धूर येऊन ओसरेपर्यंत तापवायचं. त्या तापात तेलाचा कडक, पातळ थर बनतो आणि पदार्थ त्याच्यामुळे सुटतो.

पहिल्या खेपेला मी हावरटपणे तेल जास्त लावलं. थंड झाल्यावर तवा बोटाला चिकचिकत होता. तेल जास्त झाल्याची हीच खूण. ते घासून काढून पुन्हा सुरुवात केली. एका संध्याकाळी दोन, दुसऱ्या दिवशी दोन असे चार थर दिल्यावर राखाडी तवा काळसर, तुकतुकीत झाला. मग अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवला आणि घावन घातलं. पहिलं चिकटलं. तिसरं कडेने आपोआप सुटलं, तेव्हा तवा द्यायला तयार झाला.

रिकामं भांडं देऊ नये म्हणतात, म्हणून सोबत अर्धा किलो घावनाचं पीठ दिलं: तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून दळलेले. एका चिठ्ठीवर चारच ओळी लिहिल्या. एक वाटी पिठाला दीड ते दोन वाट्या पाणी आणि मीठ. तवा भिजत ठेवू नकोस. धुतल्यावर आचेवर सुकव आणि तेलाचा हात फिरव. टोमॅटो, चिंच, कोकम त्यात शिजवू नकोस, आंबटाने थर उतरतो. गंज आलाच तरी तवा टाकू नकोस. घासून, तेल लावून पुन्हा तापवला की तो पूर्ववत होतो.

सगळं नऊशेच्या आत बसलं. मात्र हे वास्तुशांतीच्या दिवशी, पंक्ती उठत असताना हातात ठेवायचं नाही, नाहीतर तेही भेटींच्या ढिगात जातं. मी चार दिवसांनी, सामान लागल्यावर नेलं. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या लग्नालाही हे चालेल, पण त्यांचं बिऱ्हाड वेगळं मांडलं जाणार असेल तरच. एकत्र घरात आधीच तीन तवे असतात, तिथे सगळ्यांनी वर्गणी काढून पाकीट द्यावं हे बरं.

परवा मैत्रिणीने फोन करून पीठ संपल्याचं सांगितलं. मी तांदूळ भिजवले.