छत्रीच्या दुकानात फेब्रुवारी

छत्रीवाल्याचा धंदा जूनच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत होतो. गणपतीनंतर दुकानात उरतात त्या न विकलेल्या छत्र्या. अशा दुकानदाराला सगळे सांगतात, 'जोडीला काहीतरी ठेवा.' तो रेनकोट, गमबूट, मोबाइलचे प्लॅस्टिक पाऊच आणतो. हा माल छत्रीबरोबरच खपतो, पण छत्रीबरोबरच थांबतोही. जूनचं बिल मोठं होतं, फेब्रुवारी मात्र तसाच कोरडा राहतो.

म्हणून जोडमाल दोन प्रकारचा असतो हे आधी ओळखायला हवं. एक त्याच गिऱ्हाइकाला त्याच दिवशी विकायचा, दुसरा पाऊस नसताना विकायचा. आपल्याकडच्या जुन्या छत्रीवाल्यांनी बॅगा ठेवल्या त्या याच दुसऱ्या हिशेबाने. दप्तराची विक्री शाळा उघडताना, म्हणजे जूनमध्येच असते, पण प्रवासाच्या बॅगांना दिवाळीची सुट्टी आणि एप्रिल-मेची लग्नसराई मिळते. नोव्हेंबर ते जानेवारी स्वेटर आणि कानटोप्या त्याच मांडणीवर बसतात. मुंबईत किंवा कोकणपट्टीत मात्र गरम कपड्यांवर फार पैसे घालू नयेत. तिथली थंडी चार दिवसांची.

एक हिशेब मांडून पाहू. समजा भाडं, वीज आणि मदतनीस मिळून महिन्याला २४,००० रुपये लागतात. फेब्रुवारीत सरासरी ६०० रुपयांच्या ६० बॅगा गेल्या, तर विक्री ३६,००० रुपयांची. शेकडा २५ सुटले तरी हातात ९,०००. खर्चाच्या निम्मेसुद्धा नाहीत! इथेच बरेच जण हिरमुसून आणखी बॅगा भरतात आणि पैसा अडकवून घेतात.

त्यापेक्षा दुरुस्तीचा एक कोपरा उघडावा. छत्रीचं कापड काडीला टाचणारा हात, थोडं शिकून, बॅगेची चेन आणि रनरही बदलू शकतो, आणि बॅगा बाराही महिने फाटतात. रोज आठ कामं, प्रत्येकी ५० रुपये मजुरी, २५ दिवस: १०,००० रुपये. आता एकूण १९,००० झाले. उरलेले ५,००० जूनच्या नफ्यातूनच बाजूला काढून ठेवावे लागतात. जोडमालाने खड्डा उथळ होतो, पूर्ण बुजत नाही.

जोड जमली की नाही हे वर्षाच्या एकूण विक्रीवरून कळत नाही, कारण चांगला जून सगळं झाकून टाकतो. वहीत दर महिन्याचा सुटलेला नफा मालवार लिहा आणि सगळ्यात वाईट महिना गेल्या वर्षीपेक्षा वर आला का, तेवढं बघा.

आणि उरलेल्या छत्र्या? २२० रुपयांच्या दीडशे उरल्या तर ३३,००० रुपये माळ्यावर पडून असतात. गठ्ठे बांधण्याआधी ऑक्टोबरच्या उन्हात त्या उघडून वाळवा. दमट ठेवल्या तर काड्या गंजतात आणि कापडावर तपकिरी डाग उमटतात; असा माल पुढच्या जूनमध्ये अर्ध्या किमतीलाही कुणी घेत नाही.