बेटर म्हणजे बरं नव्हे

भाचा नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता. त्यानं साहेबांना मेल टाकला, ‘यू हॅड बेटर साइन द फॉर्म टुडे.’ त्याला म्हणायचं होतं, ‘सर, फॉर्मवर आजच सही केलेली बरी.’ साहेबांनी वाचलं ते असं : ‘आज सही करा, नाहीतर बघा!’ दिवसभर ते त्याच्याशी बोलले नाहीत.

व्याकरणात चूक काढायला जागा नव्हती. घोळ झाला तो ‘बेटर’ला ‘बरं’ समजल्यामुळे. आपलं ‘बरं’ मवाळ आहे. ‘हॅड बेटर’च्या पोटात ‘नाहीतर’ दडलेलं असतं. आईनं मुलाला किंवा डॉक्टरनं पेशंटला म्हटलं तर शोभतं, वरिष्ठांना नाही. शिवाय ते समोरच्या एखाद्या प्रसंगापुरतंच वापरतात. रोज चालत जा, असा कायमचा सल्ला द्यायचा असेल तर ‘शुड’ बरं.

यातलं ‘हॅड’ भूतकाळाचं नाही. त्याच्यापुढे क्रियापद मूळ रूपात येतं, मध्ये ‘टू’ नको : ‘यू हॅड बेटर गो.’ नकार द्यायचा तर ‘यू हॅड बेटर नॉट गो.’ बोलताना ‘हॅड’ आणि ‘वुड’ दोघांचाही नुसता ‘ड’ उरतो, म्हणून मुलं गोंधळतात. पुढे ‘बेटर’ असेल तर तो ‘हॅड’, ‘रादर’ असेल तर ‘वुड’.

‘इट्स टाइम टू गो’ म्हणजे निघायची वेळ झाली, इतकंच. पण ‘इट्स टाइम यू वेंट टू अ डॉक्टर’ म्हटलं की त्यात ‘अजून गेला नाहीस?’ अशी टोचणी येते. ‘हाय टाइम’ म्हटलं की ती आणखी लागते. जायचंय अजून, मग भूतकाळी ‘वेंट’ कशाला, असं शाळेत आम्हालाही वाटायचं. पण आपण तरी काय म्हणतो? ‘उद्या डॉक्टरकडे गेलास तर बरं.’ गोष्ट उद्याची, रूप मात्र ‘गेलास’! जे अजून घडलेलं नाही त्यासाठी दोन्ही भाषा भूतकाळाचं रूप उसनं घेतात.

‘वुड रादर’मध्येही हेच होतं, फक्त कर्ता कोण ते पाहायचं. स्वतःबद्दल असेल तर मूळ रूप : ‘आय वुड रादर वॉक’, म्हणजे मी आपला चालतच जाईन. दुसऱ्यानं काही करावं असं वाटत असेल तर पुन्हा भूतकाळाचं रूप : ‘आय वुड रादर यू कॉल्ड टुमॉरो.’ फोन उद्याचाच, तरी ‘कॉल्ड’. कोणाला न दुखवता नको म्हणायला ही रचना फार सोयीची : ‘आय वुड रादर यू डिडन्ट स्मोक हिअर.’

भाच्याला मी सांगितलं, साहेबांसाठी यातलं काहीच नको. ‘इट्स टाइम यू साइन्ड’ तर आणखी झोंबलं असतं. त्यानं दुसरा मेल पाठवला, ‘कुड यू प्लीज साइन द फॉर्म टुडे?’ संध्याकाळी सही झाली.