ऐन दिवाळीत जाहिरात का थांबते?

कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणारं एक छोटं दुकान डोळ्यांसमोर आणू. मालकीणबाईंनी दिवाळीच्या आधीचे दहा दिवस गुगलवर जाहिरात चालवायची ठरवली. रोजचं बजेट १,००० रुपये. म्हणून यूपीआयने आगाऊ १०,००० रुपये भरले आणि त्या माल बांधायला लागल्या. नवव्या दिवशी दुपारी ऑर्डरी आटल्या. जाहिरातीत काही बिघडलं नव्हतं, खात्यातले पैसे संपले होते.

हिशेब साधा आहे, पण पहिल्यांदा भरणाऱ्याच्या तो लक्षात येत नाही. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि आगाऊ भरण्याच्या पद्धतीत तो भरलेल्या रकमेतूनच वजा होतो. १०,००० रुपयांतले सुमारे १,५२५ कराचे आणि जाहिरातीला उरले ८,४७५. पूर्ण दहा हजारांची जाहिरात हवी असेल तर ११,८०० भरायला हवेत. त्यातही रोजचं बजेट ही सरासरी असते. गर्दीच्या दिवशी गुगल त्याच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं आणि महिन्याच्या हिशेबात ते जुळवतं. सणाच्या तोंडावर लोकांचा शोध वाढतो, त्यामुळे शिल्लक नवव्याऐवजी सातव्या दिवशीही संपू शकते. अशा आठवड्यात दोन-तीन दिवसांचे जादा पैसे खात्यात ठेवणंच बरं.

ही दगदग नको म्हणून अनेक जण कार्डावर आपोआप पैसे कापण्याची सोय निवडतात. इथे आधी जाहिरात दिसते आणि पैसे नंतर जातात. खर्च ठरावीक मर्यादेला पोचला की, किंवा महिन्याच्या १ तारखेला, यांतलं जे आधी घडेल तेव्हा. पैसे वेळेवर जात राहिले की ही मर्यादा हळूहळू वाढते. खरी गोम इथेच आहे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून वारंवार पैसे कापायचे असतील तर ग्राहकाने एकदा ओटीपी देऊन ई-मँडेट नोंदवावं लागतं आणि प्रत्येक कपातीच्या किमान २४ तास आधी बँकेने सूचना द्यावी लागते. ओटीपीशिवाय कापता येणारी रक्कम आधी ५,००० रुपये होती, ती २०२२ साली १५,००० झाली. आता समजा, महिन्याचा खर्च १३,००० झाला आणि तो १ तारखेला एकरकमी आकारला गेला. कर धरून १५,३४० होतात. खात्यात लाखभर शिल्लक असली तरी ओटीपी दिल्याशिवाय एवढे पैसे जाणार नाहीत. मँडेट नोंदवताना स्वतःच कमी कमाल रक्कम लिहिली असेल, तर अडथळा त्याहून आधी येतो. व्यवहार नाकारला गेला की थकबाकी मिटेपर्यंत जाहिराती थांबू शकतात.

यावर उपाय आहे. आपोआप कपातीच्या खात्यातही मधेच स्वतःहून पैसे भरता येतात. दर सात-आठ हजारांच्या खर्चानंतर ओटीपी देऊन भरणा केला, तर रक्कम १५,००० पर्यंत चढतच नाही. मँडेट नोंदवलेलं दुसरं कार्ड पर्यायी म्हणून जोडून ठेवलं, तर पहिल्याची मुदत संपली तरी अडत नाही. यूपीआयने पैसे कापले गेले पण जाहिरात खात्यात दिसले नाहीत, तर घाईने पुन्हा भरण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये व्यवहाराची स्थिती बघावी. दुकानदाराला होणारा असा अर्धवट भरणा ५ दिवसांत परत व्हायला हवा. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

आता इनव्हॉइस. पैसे भरल्याची पावती आणि टॅक्स इनव्हॉइस हे दोन वेगळे कागद आहेत आणि सीएला दुसरा लागतो. २८ ऑक्टोबरला ११,८०० भरले आणि महिनाअखेरपर्यंत ३,००० ची जाहिरात झाली, तर ऑक्टोबरच्या इनव्हॉइसमध्ये ३,००० आणि त्यावरचा ५४० रुपये कर दिसेल. बँकेच्या पासबुकाशी तो आकडा जुळत नाही म्हणून घाबरायचं कारण नाही.

नजर टाकायची ती जीएसटी क्रमांकांवर. पहिले दोन अंक राज्याचे असतात. महाराष्ट्राचे २७, गोव्याचे ३०, हरियाणाचे ०६. विकणारी कंपनी हरियाणात नोंदलेली आणि ग्राहक महाराष्ट्रातला असेल, तर सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन भाग न दिसता १८ टक्के आयजीएसटी एकाच ओळीत येतो. ते बरोबरच आहे. चूक असते ती ग्राहकाच्या क्रमांकाची जागा कोरी राहिली तर. मग ही विक्री नोंदणी नसलेल्या ग्राहकाला झाली असं धरलं जातं, ती दुकानाच्या जीएसटीआर-२बी मध्ये येत नाही आणि कराचं क्रेडिट हातचं जातं. महिन्याला २०,००० ची जाहिरात करणाऱ्या दुकानाचे त्यात ३,६०० रुपये असतात. म्हणून पहिला रुपया भरण्याआधीच पेमेंट प्रोफाइलमध्ये क्रमांक आणि नोंदणीतला पत्ता भरावा. खात्याचं चलनही तेव्हाच रुपये निवडावं, कारण गुगल ॲड्समध्ये ते नंतर बदलता येत नाही. डॉलर निवडलेलं खातं सोडून नवं उघडावं लागतं.