चित्रातली इमारत जमिनीवर टेकते तेव्हा

गोरेगाव पश्चिमेला मोतीलालनगरापासून जवळच आमची वाडी आहे. वाडीच्या जागी सात मजली इमारत व्हायची असे ठरले, आणि सभेत तिचे रंगीत चित्र फिरले. आमच्या जागेचा खरा फोटो आणि त्यात संगणकाने घडवलेली इमारत! चित्र देखणे होते, पण शेजारच्या काकू म्हणाल्या, "ही इमारत उभी कुठे आहे? तरंगतेय नुसती." काकूंना चित्रकलेचे शिक्षण नाही, पण त्यांचे निदान अचूक होते. मग ते चित्र स्वतः करून पाहावे, असे मी मनावर घेतले. त्याची ही हकिकत.

२५ डिसेंबरला दुपारी तीन चाळीसला, समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, उत्तरेकडे तोंड करून मी फोटो काढला. पहिला प्रश्न क्षितिजाचा. गोरेगावात क्षितिज दिसते कुणाला? पण ते शोधता येते. गल्लीला समांतर असलेली चाळीच्या पाग्याची रेघ आणि गटाराची रेघ फोटोवर पट्टीने पुढे वाढवली की दोन्ही एका बिंदूत मिळतात. कॅमेरा तिरका धरला नसेल, तर त्या बिंदूतून काढलेली आडवी रेघ हेच क्षितिज. ते नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. गॅलरीची जमीन ६ मीटरवर, हातातला फोन तिच्यावर दीड मीटर, म्हणजे साडेसात मीटर. मजला ३ मीटरचा धरला, तर क्षितिजाची रेघ नव्या इमारतीच्या बरोबर दुसऱ्या मजल्याच्या मध्यातून गेली पाहिजे. साधी गोष्ट आहे : दुसऱ्या मजल्यावरून पाहणाऱ्याला समोरचा दुसरा मजला डोळ्यांसमोर येतो.

सभेतल्या चित्रात ही रेघ तळमजल्यातच होती. इमारत रस्त्यावर उभ्या माणसाच्या नजरेने काढली होती आणि फोटो वरून घेतलेला. त्यामुळे पहिल्या मजल्याच्या छज्जाची खालची बाजू दिसत होती. माझ्या गॅलरीतून त्याची वरची बाजू दिसायला हवी. जुळणी तपासायची असेल तर आधी छज्जे पाहावेत.

दुसरा प्रश्न उन्हाचा. फोटो घेतला तेव्हाच मी १ मीटरची काठी उभी धरून तिची सावली मोजली होती. ती सुमारे १ मीटर ८० सेंटिमीटर भरली. सूर्य नैर्ऋत्येला होता, सावली ईशान्येकडे. संगणकात गोरेगावचे अक्षांश-रेखांश (१९.१६ आणि ७२.८५), तारीख व वेळ भरली की सूर्य आपोआप जागेवर येतो. मात्र घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचे आहे हे सांगावे लागते. आपल्याकडे त्या दिवशी सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजता नव्हे, सुमारे १२.३९ ला. म्हणून काठीचा पडताळा हवाच. सभेतल्या चित्रात ऊन उजवीकडून होते, आणि फोटोतल्या विजेच्या खांबाची सावलीही उजवीकडेच जात होती!

आता पायथा. इमारत तरंगते ती येथे. एक पडछाया लांब पडते. दुसरी, भिंत आणि जमीन जेथे भेटतात तेथे असलेली बारीक काळपट किनार. त्या कोपऱ्यात आभाळाचा उजेडही पुरा पोहोचत नाही, म्हणून ती उन्हाच्या बाजूलाही असते. ब्लेंडर या प्रणालीत इमारतीखाली एक सपाट पत्रा ठेवून त्याला `Shadow Catcher` केले की पत्रा अदृश्य होतो व दोन्ही छाया उरतात. त्या फोटोवर `Multiply` पद्धतीने बसवायच्या. किती गडद? फोटोतल्या खांबाच्या सावलीइतक्या, अधिक नाही. आणि निव्वळ काळ्या तर नाहीतच, कारण उघड्या सावलीत आभाळाची निळसर झाक असते. शेवटी फोटोतलेच थोडे गवत जोत्यावर आणून चिकटवले, तेव्हा इमारत जमिनीवर टेकली.

येथे एक अडचण आली. २१ मीटरच्या इमारतीची सावली १ मीटरला १.८ या हिशेबाने सुमारे ३८ मीटर जाते, आणि ईशान्येला गल्लीपलीकडे बैठी चाळ आहे. सपाट पत्र्यावरची सावली चाळीच्या भिंतीवरून जमिनीवर असल्यासारखी सरळ सरपटत गेली. खरी सावली भिंतीशी मोडते, वर चढते, मग छपरावर पसरते. म्हणून चाळीच्या मापाचे ओबडधोबड खोके करून तेही `Shadow Catcher` करावे लागले. तेव्हा कुठे जमले, आणि अख्खी चाळ अंगणासकट काळवंडली.

चित्र पाहून चाळीतल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे थंडीत चारला आमच्या अंगणात ऊन नाही?" मी मेअखेरचे त्याच वेळेचे दुसरे चित्र करून दाखवले, तेव्हा सूर्य उंच आणि किंचित उत्तरेला असतो, सावली निम्मी होते व पूर्वेकडे वळते. अंगण बरेचसे सुटते. वाडीतल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारले, "थंडीच्या चित्रातली ती सावली पुसता येईल का रे?"

"येईल की," मी म्हणालो, "पण मग काका, खांबाचीही पुसावी लागेल."