हवाई अंतर व रस्त्याचे अंतर

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरील दोन ठिकाणांमधील सर्वांत कमी लांबीचे अंतर. त्यालाच सरळ रेषेतील अंतर असेही म्हणतात. रस्त्याचे अंतर म्हणजे त्याच दोन ठिकाणांदरम्यान वाहनाने जाताना प्रत्यक्ष कापावी लागणारी लांबी. रस्त्याचे अंतर हवाई अंतरापेक्षा कमी असू शकत नाही. ते किती जास्त असेल हे मात्र मधल्या भूभागावर, म्हणजे डोंगर, खाडी, तलाव, वने आणि लोहमार्ग यांवर अवलंबून असते. मुंबई उपनगर जिल्ह्यातील बोरिवली–मुलुंड आणि अंधेरी–घाटकोपर या दोन जोड्यांत हा फरक स्पष्ट दिसतो.

कोष्टकांत कोणते अंतर असते

शहरांमधील अंतरांची जी कोष्टके रस्त्यांच्या नकाशांत, प्रवास मार्गदर्शिकांत आणि नकाशासंग्रहांच्या शेवटच्या पानांवर छापलेली असतात, त्यांत बहुधा रस्त्याचे अंतर दिलेले असते. रेल्वेच्या वेळापत्रकात लोहमार्गाचे अंतर असते. विमान वाहतुकीची कोष्टके आणि अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढणारी संगणकीय साधने हवाई अंतर देतात. अडचण अशी की बहुतेक कोष्टकांच्या मथळ्यात केवळ ‘अंतर (किमी)’ एवढेच लिहिलेले असते.

मुंबई आणि पुणे यांच्या बाबतीत हे तिन्ही आकडे प्रचलित आहेत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते पुणे स्थानक हे हवाई अंतर सुमारे ११९ किमी भरते. रस्त्याने ते साधारण १५० किमी, तर लोहमार्गाने १९२ किमी आहे. यांतील एकही आकडा चुकीचा नाही, पण एका ग्रंथातून एक आणि दुसऱ्यातून दुसरा घेऊन त्यांची तुलना केल्यास निष्कर्ष चुकतो.

लोहमार्गाचा आकडा एवढा मोठा का, याचे उत्तर लोणावळ्याशी मिळते. लोणावळा हे मुंबई–पुणे सरळ रेषेच्या जवळजवळ वरच आहे. मुंबईपासून त्याचे हवाई अंतर सुमारे ६४ किमी, तर लोहमार्गाचे १२८ किमी, म्हणजे नेमके दुप्पट आहे. याचे कारण असे की, गाडी प्रथम ठाणे खाडीला वळसा घालून उत्तरेकडे कल्याणपर्यंत जाते, तेथून आग्नेयेस कर्जतकडे वळते आणि मग बोरघाट चढते. लोणावळ्यापुढे पठार लागते. तेथून पुण्यापर्यंतचे हवाई अंतर ५५ किमी आणि लोहमार्गाचे ६४ किमी आहे. म्हणजे एकाच प्रवासाच्या पहिल्या भागात वळसा शंभर टक्के आणि दुसऱ्या भागात जेमतेम सोळा टक्के पडतो. यावरून लक्षात येते की ‘हवाई अंतरात अमुक टक्के मिळवले की रस्त्याचे अंतर मिळते’ हा ठोकताळा सपाट प्रदेशात काहीसा चालतो, घाट आणि खाड्यांच्या प्रदेशात चालत नाही.

बोरिवली आणि मुलुंड

बोरिवली हे पश्चिम उपनगरांत आणि मुलुंड हे पूर्व उपनगरांत येते. दोहोंच्या मध्ये सुमारे १०४ चौ. किमी क्षेत्रफळाचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याला लागून तुळशी व विहार हे तलाव आहेत. बोरिवली स्थानकाचे स्थान सुमारे १९.२२९° उत्तर, ७२.८५७° पूर्व आणि मुलुंड स्थानकाचे सुमारे १९.१७२° उत्तर, ७२.९५६° पूर्व आहे. यावरून हवाई अंतर कागदावर काढता येते.

दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांत ०.०५७ अंशाचा फरक आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किमी असतो, म्हणून दक्षिणोत्तर अंतर ६.३ किमी झाले. रेखांशांत ०.०९९ अंशाचा फरक आहे. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर सुमारे १११ किमी असतो, परंतु ध्रुवांकडे जाताना तो आखडत जातो आणि मुंबईच्या अक्षांशावर सुमारे १०५ किमी उरतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम अंतर १०.४ किमी झाले. हे दोन अंतर काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू मानल्यास कर्ण असा येतो:

√(६.३² + १०.४²) ≈ १२.२ किमी

एवढ्या लहान अंतरात पृथ्वीची वक्रता नगण्य ठरते. हजारो किलोमीटरांच्या अंतरांसाठी मात्र हा त्रिकोण पुरत नाही. तेथे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने पृष्ठभागावर आखलेल्या बृहद्वृत्ताच्या कंसाची लांबी काढावी लागते. या गणितात नेहमी होणारी चूक म्हणजे रेखांशाचा अंशही १११ किमीच धरणे. मुंबईत तसे केल्यास पूर्व-पश्चिम अंतर सुमारे सहा टक्क्यांनी वाढते.

प्रत्यक्षात मात्र बोरिवलीहून मुलुंडला १२ किमीत पोहोचता येत नाही, कारण उद्यानातून जाणारा थेट सार्वजनिक रस्ता नाही. एक मार्ग दक्षिणेकडून आहे. त्यात पश्चिम द्रुतगती महामार्गाने जोगेश्वरीपर्यंत उतरावे लागते, जोगेश्वरी–विक्रोळी जोडरस्त्याने पवईवरून पूर्वेस जावे लागते आणि पुन्हा उत्तरेस मुलुंडकडे यावे लागते. दुसरा मार्ग उत्तरेकडून, दहिसर, घोडबंदर आणि ठाणे असा आहे. दोन्ही मार्गांनी अंतर साधारण २५ ते ३० किमी, म्हणजे हवाई अंतराच्या दुपटीहून अधिक होते. लोकलगाडीने जायचे झाल्यास पश्चिम रेल्वेने दादर आणि तेथून मध्य रेल्वेने मुलुंड असा प्रवास करावा लागतो. त्याची लांबी सुमारे ४६ किमी, म्हणजे हवाई अंतराच्या जवळजवळ चौपट आहे.

अंधेरी–घाटकोपर ही जोडी याच्या उलट आहे. दोन्ही स्थानकांमधील हवाई अंतर सुमारे साडेसात किमी आहे. लोकलने दादरमार्गे हाच प्रवास २२ किमीच्या आसपास होतो. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर ही ११.४ किमी लांबीची मेट्रो मार्गिका सुरू झाली. तिच्यावर अंधेरी ते घाटकोपर हे अंतर आठ ते नऊ किमी आहे, म्हणजे हवाई अंतराच्या अगदी जवळ. या दोन स्थानकांमधले हवाई अंतर २०१४ पूर्वी जेवढे होते तेवढेच आजही आहे, बदलले ते रुळांवरचे अंतर. म्हणूनच प्रवासाच्या अंतराचे कोष्टक जुने होते, हवाई अंतराचे होत नाही. उद्यानाच्या पोटातून जाणारा ठाणे–बोरिवली जुळा बोगदा आणि गोरेगाव–मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे या प्रकल्पांचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. ते वाहतुकीस खुले झाल्यावर बोरिवली–मुलुंडचे वर दिलेले रस्त्याचे आकडेही बदलावे लागतील.

अंतर कोठून मोजले

शहर हा बिंदू नव्हे, त्यामुळे मोजणी कोठून केली हेही पाहावे लागते. इंग्रजी अमदानीत मुंबईतील मैलांचे दगड फोर्टमधील सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजून बसवले जात. बोरिवली हे मुंबईतच मोडते, तरी चर्चगेटपासून ते लोहमार्गाने ३४ किमीवर आहे. साहजिकच ‘मुंबईपासून ६० किमी’ असे लिहिलेले गाव बोरिवलीकराला निम्म्या अंतरावर असू शकते. दूरच्या शहरांच्या बाबतीत हा फरक किरकोळ ठरतो, जवळच्या गावांच्या बाबतीत तो मूळ आकड्याएवढाच मोठा होऊ शकतो.

कोष्टकाची पारख

मथळ्यात खुलासा नसेल तर कोष्टकातील आकड्यांवरूनच ते कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखता येते. यासाठी वाटेवर येणारे तिसरे ठिकाण घ्यावे. बोरिवली–दादर २४ किमी, दादर–मुलुंड सुमारे २२ किमी आणि बोरिवली–मुलुंड ४६ किमी असे आकडे असतील, तर बेरीज तंतोतंत जुळते. म्हणजे ते मार्गाचे अंतर आहे. हवाई अंतरांत अशी बेरीज तिन्ही ठिकाणे एका रेषेत असली तरच जुळते. मुंबई–लोणावळा–पुणे ही नेमकी तशी जोडी असल्याने पारखीसाठी निरुपयोगी आहे. वाटेत ठळक वळण असलेलेच ठिकाण निवडावे. दुसरी खूण अशी की, नकाशावर पट्टी ठेवून मोजलेल्या अंतरापेक्षा कोष्टकातील आकडा लहान असेल, तर तो कोणत्याही प्रकाराने बरोबर असू शकत नाही.

‘अमुक शहराच्या ईशान्येस ४० किमी’ अशा वाक्यातील अंतर हवाई असावे असे दिशेच्या उल्लेखावरून वाटते. परंतु लेखक अनेकदा दिशा नकाशावरून आणि अंतर रस्त्याच्या फलकावरून घेतात, त्यामुळे या खुणेवर विसंबता येत नाही. रेल्वेच्या आकड्यांतही एक पेच आहे. कोकण रेल्वेच्या भाड्यासाठी प्रवासी अंतर ४० टक्के वाढवून धरले जाते, त्यामुळे तिकिटावरील किलोमीटर हे रुळांच्या लांबीएवढे नसतात.

कायद्यातील अंतर

भारताच्या १८९७ च्या सामान्य परिभाषा कायद्याचे कलम ११ सांगते की, केंद्रीय कायद्यात अंतराचा उल्लेख असेल आणि वेगळा हेतू दिसत नसेल, तर ते अंतर क्षितिजसमांतर पातळीवर सरळ रेषेत मोजावे. असे असूनही वाद झालेच. १९६१ च्या आयकर कायद्यानुसार नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतरापलीकडची शेतजमीन विकल्यास भांडवली नफ्यावर कर लागत नसे. हद्दीपासून सरळ रेषेत ७ किमीवर असलेली, पण रस्त्याने ९ किमी पडणारी जमीन ८ किमीच्या मर्यादेच्या आत की बाहेर, असा प्रश्न त्यामुळे निर्माण होई. अनेक न्यायालयांनी रस्त्याचे अंतर ग्राह्य धरले. २०१३ च्या वित्त कायद्याने ‘हवाई मार्गाने मोजलेले’ असे शब्द घातले आणि नगराच्या लोकसंख्येनुसार २, ६ व ८ किमी अशा मर्यादा ठरवल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ही दुरुस्ती पूर्वलक्षी नसल्याचे म्हटले. त्यामुळे आधीच्या व्यवहारांसाठी रस्त्याचे आणि नंतरच्या व्यवहारांसाठी हवाई अंतर लागू झाले, आणि वरच्या उदाहरणातील जमीन जागची न हलता ८ किमीच्या मर्यादेच्या आत आली.